दोन बाजारांचे भाव खरोखर जोडलेले आहेत का? तपासायचं कसं

कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधावर काम करणारे विद्यार्थी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत भावाचा अंदाज बांधणारी मंडळी फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. 'लासलगाव आणि वाशीच्या कांदाभावांचा सहसंबंध ०.९७ आला. दोन्ही बाजार जोडलेले आहेत असं लिहू का?' काहींनी पुढची पायरीही गाठलेली असते. को-इंटिग्रेशनची चाचणी केलेली असते, एरर करेक्शन मॉडेल चालवलेलं असतं, पण एका समीकरणात चिन्ह उणे आणि दुसऱ्यात अधिक आलं म्हणून ते अडून बसतात. या लेखात ही एकच जोडी घेऊन सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाऊ. तुमची जोडी सोयाबीनची असो की हळदीची, पायऱ्या याच राहतील.

०.९७ वर विसंबू नका

लासलगावचा भाव या आठवड्यात कुठे असेल, हे बरंचसं मागच्या आठवड्यात तो कुठे होता यावर ठरतं. तो एखाद्या ठरलेल्या पातळीकडे परत ओढला जात नाही, भटकत राहतो. वाशीचा भावही तसाच. अशा भटक्या मालिकेला युनिट रूट असलेली मालिका म्हणतात. अडचण अशी की एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन भटक्या मालिका घेतल्या, तरी त्यांच्यात दणदणीत सहसंबंध दिसू शकतो. यूल यांनी १९२६ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं. १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी संगणकावर तयार केलेल्या, मुद्दाम असंबद्ध ठेवलेल्या मालिका वापरून ते पुन्हा दाखवून दिलं. R² मोठा येतो, t भरघोस येतो, आणि नातं मात्र नसतंच.

त्यांनी सांगितलेली खूण आजही कामाला येते. साध्या रिग्रेशनमध्ये R² चा आकडा डर्बिन-वॉटसनच्या आकड्यापेक्षा मोठा आला, तर त्या निकालावर विश्वास ठेवू नका. हा पुरावा नव्हे, धोक्याचा इशारा आहे.

मग मालिकांचे फरक घेऊन, म्हणजे या आठवड्याच्या भावातून मागच्या आठवड्याचा भाव वजा करून रिग्रेशन करावं का? खोटं नातं त्याने टळतं. पण फक्त फरक घेतले की भावांची पातळीच पुसली जाते, आणि तुमचा प्रश्न तर पातळीचाच आहे.

बघायचं ते अंतर

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. लिलाव पुकारणारा आणि व्यापारी एकेका वाहनापाशी जातात, मूठभर कांदा हातात घेऊन बघतात आणि क्विंटलमागे बोली लागते. तो माल निवडून, गोणीत भरून, साधारण सव्वादोनशे किलोमीटरवरच्या वाशीला गेला, तर भावात वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, वाटेतली घट आणि व्यापाऱ्याचा नफा मिळवावा लागतो. वाशीचा भाव या सगळ्या बेरजेच्या फार वर गेला, तर तिकडे गाड्या वाढतात आणि वाशीचा भाव उतरतो. फार खाली आला, तर माल दुसरीकडे वळतो. दोन्ही भाव कुठेही भटकोत, त्यांच्यातलं अंतर कुणीतरी पैशाच्या लोभाने सतत ओढून जागेवर आणत असतं.

भाव भटकतात पण अंतर भटकत नाही, यालाच को-इंटिग्रेशन म्हणतात. मराठीत त्याला सहसमाकलन असा शब्द आहे. अंतर वाढलं की ते कोण, किती वेगाने भरून काढतं, हे मोजण्याचं साधन म्हणजे एरर करेक्शन मॉडेल. एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ च्या लेखात या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. या संकल्पनेसाठीच ग्रेंजर यांना २००३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

आधी फाइल नीट करा

माझ्याकडे येणाऱ्या दहा बिघडलेल्या निकालांपैकी निम्मे तरी इथेच बिघडलेले असतात. एका विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये लासलगावचा भाव सलग अकरा दिवस पैशाचाही फरक न पडता तोच होता. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या काळात लिलावच बंद होते. बंद दिवसांच्या रिकाम्या जागी तिने शेवटचा भाव खाली ओढत नेला होता. वाशी चालू, लासलगाव 'गोठलेलं'. मॉडेलने साहजिकच निष्कर्ष काढला की लासलगाव वाशीच्या मागून चालतं. तो निष्कर्ष बाजाराचा नव्हता, रिकाम्या रकान्यांचा होता.

म्हणून एवढं करा:

- दैनिक भावांऐवजी आठवड्याचा भाव घ्या. ज्या दिवशी दोन्ही बाजार चालू होते, त्याच दिवसांची सरासरी काढा, शक्यतो आवकेचं वजन देऊन.
- किमान आणि कमाल सोडून सर्वसाधारण दर घ्या. एखाद्या ट्रॉलीतला खराब माल किमान दर पार खाली नेतो.
- दोन्हीकडचं एकक तपासा. एकीकडे क्विंटल आणि दुसरीकडे दहा किलो, असा घोळ अजूनही सापडतो.
- एका वर्षाच्या तीनशे दैनिक नोंदींपेक्षा पाच वर्षांच्या अडीचशे साप्ताहिक नोंदी बऱ्या. अंतर उघडून पुन्हा मिटल्याचे प्रसंग किती वेळा दिसले, यावर चाचणीची ताकद ठरते. नुसत्या ओळी वाढवून ती वाढत नाही.

दररोजची आवक आणि दर अ‍ॅगमार्कनेटवर सर्वांना खुले आहेत. तिथे मधले महिने गायब असतील, तर बाजार समितीकडे लेखी मागा. बाजार समित्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्था आहेत. तोंडी नकार मिळाला, तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

भावांचे लॉगरिदम घ्या, म्हणजे फरक टक्क्यांत वाचता येतात. पुढे `l` म्हणजे लासलगावच्या भावाचा लॉग आणि `v` म्हणजे वाशीच्या भावाचा लॉग.

पहिली पायरी: दोन्ही मालिका खरंच भटक्या आहेत का?

प्रत्येक मालिकेवर ऑगमेंटेड डिकी-फुलर चाचणी लावा, आधी पातळीवर, मग फरकांवर. पातळीवर युनिट रूट नाकारता आला नाही आणि फरकांवर नाकारता आला, तरच पुढे जा.

कांद्याच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. लांब कालावधी घेतला की चाचणी कधीकधी सांगते, भाव मुळात स्थिरच आहे. त्यात नवल नाही. महाग कांदा पुढच्या हंगामात लागवड वाढवतो आणि भाव खाली येतो. तसं झालं तर हट्टाने को-इंटिग्रेशन करू नका. दोन्ही मालिका स्थिर असतील, तर पातळीवरचं साधं व्हेक्टर ऑटोरिग्रेशन पुरेसं आहे. एक स्थिर आणि एक भटकी असा संशय असेल, तर पेसरन, शिन आणि स्मिथ यांची २००१ ची बाउंड्स चाचणी बघा. ती दोन्ही प्रकार चालवून घेते.

दुसरी पायरी: अंतर स्थिर आहे का?

आता `v = a + b·l + z` हे साधं रिग्रेशन करा. `z` म्हणजे आपलं अंतर: वाशीचा भाव, लासलगावकडे बघता जिथे असायला हवा, तिथून किती वर किंवा खाली आहे. या `z` वर युनिट रूट चाचणी करायची.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. `z` काढून त्यावर नेहमीची डिकी-फुलर चाचणी चालवली जाते आणि सॉफ्टवेअरने छापलेली ५ टक्क्यांची मर्यादा, −२.८६, वाचली जाते. ही मर्यादा इथे लागू नाही. `z` ही तुम्हाला मिळालेली मालिका नाही, रिग्रेशनने ती मुद्दाम शक्य तितकी लहान करून दिलेली आहे. त्यामुळे ती आहे त्याहून स्थिर दिसते. दोन मालिका आणि एक स्थिरांक असताना मॅककिनन यांच्या तक्त्यानुसार मोठ्या नमुन्यासाठी ५ टक्क्यांची मर्यादा −३.३४ च्या आसपास आणि १ टक्क्याची −३.९० च्या आसपास आहे. तुमचा आकडा −३.०५ असेल, तर चुकीच्या तक्त्याप्रमाणे बाजार 'जोडलेले' ठरतात आणि बरोबर तक्त्याप्रमाणे ते सिद्ध होत नाही. पायथनमधलं `coint` हे फलन योग्य मर्यादा स्वतःच वापरतं:

```python
import numpy as np, pandas as pd
from statsmodels.tsa.stattools import coint

d = pd.read_csv("kanda.csv", index_col="date",
                parse_dates=["date"])
l, v = np.log(d["lasalgaon"]), np.log(d["vashi"])
print(coint(v, l, trend="c", autolag="aic"))
print(coint(l, v, trend="c", autolag="aic"))
```

दोन्ही दिशांनी चालवायला विसरू नका. डावीकडे कोणाला ठेवलं यावर उत्तर थोडं बदलतं. एका दिशेने 'आहे' आणि दुसऱ्या दिशेने 'नाही' आलं, तर सोयीचं ते निवडू नका. योहान्सेनची पद्धत वापरा, तिच्यात डावं-उजवं नसतं. फक्त तिचा निकाल नीट वाचा. दोन मालिकांमध्ये रँक १ आली तर को-इंटिग्रेशन आहे, शून्य आली तर नाही. रँक २ आली म्हणजे 'दुहेरी घट्ट नातं' असं अनेक जण लिहितात. त्याचा खरा अर्थ दोन्ही मालिका मुळात स्थिरच आहेत असा होतो, आणि तुम्हाला पहिल्या पायरीवर परतावं लागतं.

b एकपेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका

समजा, २६० आठवड्यांच्या फाइलवर चाचणीचा आकडा −४.६ आला आणि समीकरण असं मिळालं (हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत):

`v = 0.62 + 0.94·l`

परीक्षक विचारतील, 'b एक नाही, म्हणजे बाजार अपुरे जोडलेले आहेत ना?' उत्तर आकड्यांतच आहे. लासलगावला १,८०० रुपये क्विंटल असताना या समीकरणाप्रमाणे वाशीचा भाव सुमारे २,१३४ येतो, म्हणजे ३३४ रुपयांचं अंतर. लासलगावला ३,६०० असताना वाशीला सुमारे ४,०९४ येतो, अंतर ४९४ रुपये. भाव दुप्पट झाला, पण अंतर दुप्पट झालं नाही. कारण सरळ आहे: ट्रकचं भाडं आणि हमाली कांद्याच्या भावाबरोबर दुप्पट होत नाहीत, अडत मात्र टक्क्याने वाढते. खर्चाचा काही भाग ठराविक रुपयांत असला की लॉगमधला b एकच्या थोडा खाली येणं स्वाभाविकच आहे.

या पहिल्या रिग्रेशनने छापलेल्या b च्या t-आकड्यावर मात्र काहीही सिद्ध करू नका. भटक्या मालिकांत तो नेहमीच्या तक्त्याने वाचता येत नाही. 'b एकइतका आहे का' हे खरंच तपासायचं असेल, तर ते योहान्सेनच्या पद्धतीत अट घालून तपासा.

तिसरी पायरी: अंतर कोण भरून काढतं?

आता एरर करेक्शन मॉडेल. समीकरणं दोन, आणि दोन्ही लिहायचीच. फक्त एक लिहून थांबलेले प्रबंध मी बरेच पाहिले आहेत, त्यांत अर्धी गोष्ट हरवलेली असते.

```python
import statsmodels.api as sm
z = sm.OLS(v, sm.add_constant(l)).fit().resid
x = sm.add_constant(pd.DataFrame({
    "z1":  z.shift(1),
    "dv1": v.diff().shift(1),
    "dl1": l.diff().shift(1)}))
print(sm.OLS(v.diff(), x, missing="drop").fit().summary())
print(sm.OLS(l.diff(), x, missing="drop").fit().summary())
```

दोन्हीकडे `z1` चा गुणांक बघा. मागच्या आठवड्यातल्या अंतराला तो बाजार या आठवड्यात किती प्रतिसाद देतो, हे तो सांगतो. आपल्या उदाहरणात वाशीच्या समीकरणात −०.२८ आला, सांख्यिकीदृष्ट्या ठळक. लासलगावच्या समीकरणात +०.०६ आला, पण शून्यापासून वेगळा म्हणता येणार नाही इतका कच्चा.

अनेकांची गाडी अडते ती याच अधिक चिन्हापाशी. 'गुणांक उणेच हवा' हा नियम पाठ केलेला असतो, पण तो फक्त पहिल्या समीकरणाचा आहे. `z` अधिक असणं म्हणजे वाशी प्रमाणाबाहेर महाग असणं. हे अंतर मिटण्याचे मार्ग दोनच: वाशी खाली येईल (म्हणून उणे) किंवा लासलगाव वर जाईल (म्हणून अधिक). लासलगावच्या समीकरणातलं अधिक चिन्ह हे योग्यच चिन्ह आहे. वाशीच्या समीकरणात ठळक अधिक आलं असतं, तर मात्र काळजीचं कारण होतं.

आता एका आठवड्यापुरतं जवळून बघू. लासलगाव १,८०० वर आहे आणि वाशीत २,४०० चा भाव निघाला. असायला हवा होता २,१३४. लॉगमध्ये हे अंतर ०.११७, म्हणजे साधारण १२ टक्के. पुढच्या आठवड्यात केवळ या अंतरामुळे वाशीचा भाव ०.२८ × ०.११७, म्हणजे सव्वातीन टक्के उतरेल: जवळपास ७८ रुपये. लासलगाव जागचं हललं नाही, तर अंतर दर आठवड्याला आधीच्या ७२ टक्के उरतं. ०.११७ चं ०.०८४, मग ०.०६१, मग ०.०४४. दोन आठवड्यांहून थोड्या अधिक काळात ते निम्मं होतं. वाशीला माल न्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीला हाच आकडा हवा असतो. आज वाशीत दिसणारा जादा भाव गाड्या भरून, रस्ता कापून, गाळ्यावर माल उतरेपर्यंत टिकेल का? दोन-तीन दिवसांत माल पोचणार असेल, तर त्यातला बराचसा भाग टिकेल. तीन आठवड्यांनी निघणाऱ्या मालासाठी त्यावर हिशेब मांडू नका.

लासलगावचा गुणांकही ठळक असता, तर हा वेग काढताना दोन्ही धरावे लागले असते: अंतराचा बदल म्हणजे वाशीचा गुणांक वजा b गुणिले लासलगावचा गुणांक. हे विसरून एकाच गुणांकावरून वेग काढला, तर तो खऱ्यापेक्षा मंद दिसतो.

पुढारी कोण, हे उलटं वाचू नका

वाशीचा गुणांक मोठा म्हणून 'वाशी हा प्रभावी बाजार' असं वाक्य वारंवार लिहिलं जातं. ते नेमकं उलटं आहे. अंतर पडल्यावर जो स्वतःला दुरुस्त करतो, तो मागून येणारा. जो जागचा हलत नाही, तो पुढारी. आपल्या उदाहरणात वाशी लासलगावकडे सरकते, म्हणून दीर्घकालीन पातळी लासलगावला ठरते. `dv1` आणि `dl1` यांच्या गुणांकांवरून दिसणारी ग्रेंजर-कारणता वेगळी. ती एक-दोन आठवड्यांच्या हालचालींबद्दल बोलते. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात मिसळू नका.

आणि 'पुढारी' याचा अर्थ एवढाच की या दोन मालिकांमध्ये तो आधी हलतो. दोघांच्याही मागे तिसरी गोष्ट असू शकते, उदाहरणार्थ दिल्लीची मागणी. बाजार जोडलेले निघाले म्हणून शेतकऱ्याला रास्त भाव मिळतो, असंही सिद्ध होत नाही. व्यापाऱ्यांच्या संगनमतातही दोन बाजारांतलं अंतर अगदी स्थिर राहू शकतं.

निर्यातबंदीचा काळ काढून टाकायचा का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचं घाऊक उत्तर धोक्याचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. तक्त्यावर भाव कोसळलेला दिसतो आणि हात आपोआप तो काळ वगळायला जातो. पण थांबा. बंदीने लासलगावही पडलं आणि वाशीही पडली. दोघांना एकत्र बसलेला धक्का म्हणजे नातं तुटणं नव्हे. उलट अशा काळात दोन्ही भाव लांबवर हलतात आणि अंतर टिकतं का, याची खरी परीक्षा होते. तो काळ वगळला, तर तुम्ही सर्वांत मोलाच्या नोंदी फेकून देता.

नातं तुटतं ते वेगळ्या प्रसंगी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्काच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद राहिले. तेव्हा लासलगावला भावच नव्हता. असे आठवडे वगळायलाच हवेत, आणि त्यांच्या आसपासचे मागील फरकही, नाहीतर तीन आठवड्यांची उडी एका आठवड्याची म्हणून मोजली जाते.

फरक ओळखायचा तर `z` चा आलेख काढा आणि त्यावर या तारखांच्या उभ्या रेघा मारा. तीन गोष्टी बघा:

- रेघेनंतर `z` उडाला आणि काही आठवड्यांत परत आला, तर तो साधा धक्का आहे. मॉडेल याचसाठी आहे, काही करू नका.
- `z` नव्या पातळीवर जाऊन तिथेच बसला, तर खर्चाची रचना बदलली असावी. भाडं, अडत आकारण्याची पद्धत किंवा येणाऱ्या मालाची प्रत तपासा. ग्रेगरी-हॅन्सन यांची १९९६ ची चाचणी अशा एका तुटीला जागा देते.
- `z` दरवर्षी ठराविक महिन्यांत वर जातो, तर तो हंगाम आहे. खरीप कांद्याच्या महिन्यांत वाशीला सोलापूर, पुणे, अहिल्यानगर भागांतला ओला माल येतो, उन्हाळ कांद्याच्या महिन्यांत टिकाऊ. दोन्ही बाजारांत त्या आठवड्यात एकाच प्रतीचा कांदा मोजला जात नाही. महिन्यांचे डमी चल घाला किंवा फक्त उन्हाळ कांद्याच्या महिन्यांवर वेगळं मॉडेल चालवून निकालाशेजारी ठेवा.

आलेखात आणखी एक गोष्ट दिसू शकते: `z` शून्याच्या आसपास कितीतरी आठवडे आळसावून फिरतो आणि मोठा झाला की मात्र झटकन परततो. वाहतुकीचा खर्चही भरून निघत नसेल, तर गाडी कोण हलवेल? तुमच्या आलेखात हे स्पष्ट दिसत असेल, तर −०.२८ हा आकडा आळसाचे आठवडे आणि घाईचे आठवडे यांची सरासरी आहे. त्यावेळी उंबरठा असलेलं मॉडेल वापरा, ज्यात ठराविक अंतराच्या आत आणि बाहेर वेगवेगळे गुणांक मिळतात. उंबरठा किती ठेवायचा याचा पहिला अंदाज सॉफ्टवेअरकडे मागू नका. लासलगाव ते वाशी त्या वर्षी ट्रकला क्विंटलमागे काय भाडं पडत होतं, ते एखाद्या वाहतूकदाराला विचारा आणि तिथून सुरुवात करा.